फोनवर माइक चालतो, मग लॅपटॉपवर का नाही? आधी पिन बघा, मग भोक, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी

इअरफोन फोनला लावला की समोरच्याला आपला आवाज स्वच्छ जातो. तोच काढून लॅपटॉपला लावला की आपल्याला सगळं ऐकू येतं, पण आपलं बोलणं कुणाला पोचत नाही. बहुतेक जण इथे थेट ड्रायव्हरच्या मागे लागतात, नाहीतर इअरफोन खराब आहे असं ठरवून नवा आणतात. नवाही तसाच वागतो, कारण पुष्कळदा बिघाड कशातच नसतो. इअरफोनच्या पिनेवर चार जोडण्या असतात आणि लॅपटॉपच्या त्या भोकात तीनांचीच सोय असते. जी उरते ती माइकची.

तुमच्याकडे हेच झालंय की दुसरं काही, ते घरीच कळू शकतं. क्रम मात्र पाळायचा. जो माइक लॅपटॉपच्या आत पोचायला वाटच नाही, त्याच्यासाठी सेटिंगमध्ये रात्र घालवण्यात अर्थ नसतो.

फोनवर तरी खरंच चालतोय का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. इअरफोन लावलेला असताना फोन स्वतःच्या माइकवरून आवाज घेत असेल, तरी समोरच्याला फरक कळत नाही. फोन हातात असतो, तोंडापासून वीतभर अंतरावर. आवाज छानच जातो.

फोनमधलं व्हॉइस रेकॉर्डर उघडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि इअरफोनच्या वायरीवर जिथे बटणाची डबी असते तिथलं बारीक छिद्र शोधा. त्या छिद्रावर नखाने हलकेच खरवडा. मग फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी तसंच खरवडा. रेकॉर्डिंग ऐका. डबीवरची खरखर मोठी आणि फोनवरची जेमतेम ऐकू आली, तर इअरफोनचा माइक शाबूत आहे. उलटं झालं तर लॅपटॉपला दोष देण्यात अर्थ नाही, माइक आधीच गेलेला आहे किंवा त्या इअरफोनला माइकच नाही. आवाज कमीजास्त करायची डबी असली म्हणजे आत माइक असतोच असं नाही.

हीच नखाची परीक्षा लॅपटॉपवर करा. विंडोजमध्ये Settings, मग System, मग Sound असं जाऊन Input खाली आवाजाची पट्टी हलताना दिसते. डबीवर खरवडल्यावर पट्टी हलत नाही आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी खरवडल्यावर उडी मारते, तर लॅपटॉप अजून स्वतःच्याच माइकवर आहे. हे आवर्जून बघा, कारण कित्येक जण महिनोन्‌महिने इअरफोन लावून लॅपटॉपच्या माइकवर बोलत असतात. मग मीटिंगमधले तक्रार करतात की तुझ्याकडे पंख्याचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज फार येतो.

पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा

आता पिन उजेडात धरा. तिच्यावर प्लास्टिकच्या बारीक काळ्या किंवा पांढऱ्या रेघा दिसतील. दोन रेघा असतील तर पिनेचे भाग तीन झाले: टोक, मधली कडी आणि बुंध्याचा भाग. ही नुसत्या हेडफोनची पिन, माइकला जागाच नाही. तीन रेघा असतील तर भाग चार, म्हणजे टोक, पहिली कडी, दुसरी कडी आणि बुंधा. फोनवर चालणाऱ्या माइकवाल्या इअरफोनची पिन अशी चार भागांची असते. जाडी दोन्हींची सारखीच, ३.५ मिलिमीटर. म्हणून कुठलीही पिन कुठल्याही भोकात गुपचूप जाते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

चार भागांचं काम असं वाटलेलं असतं. टोकावर डाव्या कानाचा आवाज, पहिल्या कडीवर उजव्या कानाचा. उरलेल्या दोन भागांत एक माइक आणि एक कॉमन, म्हणजे ग्राउंड. दोन्ही कानांचा आणि माइकचा परतीचा रस्ता तोच. आजच्या जवळजवळ सगळ्या फोनमध्ये दुसरी कडी कॉमन आणि बुंधा माइक असतो. या रचनेला सीटीआयए म्हणतात. जुन्या नोकिया आणि सोनी एरिक्सनच्या जमान्यातल्या बऱ्याच फोनमध्ये नेमकं उलटं होतं, दुसरी कडी माइक आणि बुंधा कॉमन. ती ओएमटीपी रचना. घरातल्या खणात त्या काळचा इअरफोन पडलेला असेल, तर तो बाहेरून ओळखू येत नाही. रेघा तीनच, भाग चारच.

मल्टिमीटर असेल तर मात्र मिनिटात सोक्षमोक्ष लागतो. इअरफोन कशालाही न लावता मीटर २०० ओहमवर ठेवा आणि एक काडी टोकाला, दुसरी दुसऱ्या कडीला लावा. कानातल्या स्पीकरची गुंडाळी १६ ते ३२ ओहमच्या आसपास असते, तेवढा आकडा दिसला आणि इअरफोनमध्ये टक् असा आवाज झाला, तर दुसरी कडी कॉमन, म्हणजे नेहमीची रचना. टोक ते पहिली कडी मोजलंत तर साधारण दुप्पट आकडा येईल, कारण तिथे डावा आणि उजवा दोन्ही स्पीकर एकापाठोपाठ येतात. मग काड्या दुसऱ्या कडीवर आणि बुंध्यावर ठेवा, मीटर वरच्या रेंजला न्या. माइक तिथे असेल तर काहीशे ओहमपासून एक-दोन हजारांपर्यंत काहीतरी दिसेल आणि काड्या उलटसुलट केल्यावर आकडा बदलेल. आता मधलं बटण दाबा. आकडा शून्याजवळ कोसळला पाहिजे, कारण ते बटण माइक आणि कॉमन यांना सरळ एकमेकांशी जोडतं. कॉल घ्यायचं बटण म्हणजे एवढंच.

फोनला हे सगळं कसं जमतं, तेही इथेच सांगतो. इअरफोनमधला माइक इलेक्ट्रेट जातीचा, त्याला चालायला थोडी वीज लागते. फोनच्या भोकात चार पत्त्या असतात आणि माइकच्या पत्तीवर फोन एका रेझिस्टरमधून साधारण दोन व्होल्ट सोडतो. माइक त्यातली किंचित वीज घेतो आणि आपल्या बोलण्याने ते व्होल्टेज हलवतो. बटण दाबलं की व्होल्टेज शून्यावर येतं, फोन समजतो की कॉल घ्यायचा आहे. आवाज वाढवायच्या आणि कमी करायच्या बटणांना वेगवेगळे रेझिस्टर लावलेले असतात, म्हणून एकाच वायरीवरून फोन तिन्ही बटणं ओळखतो. लॅपटॉपवर ही बटणं बहुधा चालत नाहीत. माइक चालूनही बटण चाललं नाही तर तो बिघाड समजू नका.

आता लॅपटॉपची बाजू

लॅपटॉपच्या दोन्ही कडा नीट बघा. गोल भोकं किती आणि शेजारी चित्र कसलं कोरलंय, एवढंच पाहायचंय. चित्र काळ्यावर काळं असतं, दिसत नाही; फोनचा टॉर्च तिरका धरा.

दोन भोकं असतील, एकाशेजारी हेडफोनचं आणि दुसऱ्याशेजारी माइकचं चित्र, तर तुमचं उत्तर सापडलं. हा जुन्या पद्धतीचा लॅपटॉप. यात कानाची वाट वेगळी, माइकची वेगळी, आणि प्रत्येक भोकात तीनच पत्त्या. टेबलवरच्या डेस्कटॉपलाही असंच असतं, हिरवं भोक कानासाठी आणि गुलाबी माइकसाठी. तुमची चार भागांची पिन हेडफोनच्या भोकात घातली की डावा-उजवा आवाज मिळतो, पण माइकच्या भागाला आत विचारणारं कुणी नसतं. इथे कोणतंही सेटिंग, कोणताही ड्रायव्हर काही करू शकत नाही.

एकच भोक असेल आणि चित्रात हेडफोनला छोटा माइक चिकटलेला दिसत असेल, तर ते कॉम्बो जॅक आहे, आत चार पत्त्या आहेत. इथे फोनचा इअरफोन माइकसकट चालायला हवा. चालत नसेल तर दोष लॅपटॉपने इअरफोन ओळखण्यात, ड्रायव्हरमध्ये किंवा भोकातल्या कचऱ्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

एकच भोक आणि चित्र नुसत्या हेडफोनचं, हा फसवा प्रकार. काही कंपन्या कॉम्बो जॅकलाही नुसत्या हेडफोनचं चित्र देतात, त्यामुळे चित्रावर विसंबू नका. मॉडेलचा पूर्ण नंबर लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. तो घेऊन कंपनीच्या साइटवरची माहिती उघडा आणि पोर्टच्या यादीत headphone/microphone combo असं काही लिहिलंय का पाहा. नुसतं headphone out असेल तर या भोकातून माइक मिळणार नाही.

आणखी एक भोक लोकांना चकवतं, ते मॉनिटरचं. घरून काम करणारे लॅपटॉप एचडीएमआयने मोठ्या मॉनिटरला जोडतात आणि इअरफोन मॉनिटरच्या मागे लावतात, वायर पुरते म्हणून. त्या केबलमधून आवाज बाहेर येतो, पण मॉनिटरच्या त्या भोकाला माइकची वाट नसते. पिन लॅपटॉपलाच लावा. वायर पुरत नाही म्हणून मध्ये लांब केबल जोडली असेल, तर तिच्याही पिनेवरच्या रेघा मोजा. दोन रेघांची साधी ऑक्सवाली एक्स्टेन्शन मध्ये आली की माइक तिथेच संपतो.

पोकळ आवाज आणि मधलं बटण

तीन पत्त्यांच्या भोकात चार भागांची पिन गेल्यावर कधी नुसता माइकच जात नाही, गाणंही बिघडतं. वाद्यं ऐकू येतात आणि गायकाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा किंवा जवळजवळ गायब. अशा वेळी इअरफोनचं मधलं बटण दाबून धरा. दाबलेलं असेपर्यंत आवाज ठीक होत असेल आणि सोडल्यावर पुन्हा पोकळ, तर कॉमनची पत्ती पिनेच्या चुकीच्या भागाला टेकतेय.

कारण असं. भोकातली कॉमनची पत्ती बुंध्यावर, म्हणजे माइकवर टेकली आणि दुसरी कडी अधांतरी राहिली की दोन्ही कानांना परतीचा रस्ता उरत नाही. डावा आणि उजवा स्पीकर एकापाठोपाठ जोडले जातात आणि दोन्ही बाजूंच्या आवाजांतला फक्त फरक ऐकू येतो. गायक बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. बटणाने माइक आणि कॉमन जोडले की रस्ता पुन्हा मिळतो. जुना ओएमटीपी इअरफोन आजच्या फोनला लावला तरी नेमकं हेच ऐकू येतं. पत्ती कुठे टेकणार हे सॉकेटच्या घडणीवर असतं, म्हणून तोच इअरफोन एका लॅपटॉपवर सुरेल आणि दुसऱ्यावर पोकळ वाजतो.

दोन भोकांचा लॅपटॉप: एक प्रकरण पहिल्यापासून

माझ्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला लॅपटॉप घेतला, ऑफिसच्या कामाचा, दणकट आणि दोन भोकांचा. ऑनलाइन मुलाखत दोन दिवसांवर. फोनबरोबर आलेला इअरफोन हेडफोनच्या भोकात लावल्यावर ऐकू येत होतं, बोलणं जात नव्हतं. मग त्याने पिन माइकच्या भोकात घातली आणि मला फोन केला: “मामा, यात थोडा थोडा आवाज जातोय. पण खूप ओरडावं लागतं.”

हा ‘थोडा थोडा’ आवाज सगळ्यांनाच चकवतो. त्याला म्हटलं, डबीवर खरवड आणि पट्टी बघ. हलली नाही. मग म्हटलं, डावा इअरफोन तोंडाशी धर आणि बोल. पट्टी हलली. माइकच्या भोकात आवाज आत घेणारी पत्ती पिनेच्या टोकाला टेकते, आणि टोकावर आहे डाव्या कानाचा स्पीकर. स्पीकरची गुंडाळी आणि पडदा उलट्या दिशेनेही काम करतात. पडदा आवाजाने हलला की गुंडाळीत बारीकशी वीज तयार होते, म्हणजे स्पीकर कच्चा माइक बनतो. भाचा इतका वेळ इअरफोनच्या कानात ओरडत होता आणि खरा माइक गप्पच होता. तुमच्याकडे माइकच्या भोकात ‘अगदी हळू’ आवाज जात असेल, तर हीच परीक्षा करा.

उपाय म्हणजे वाय आकाराची छोटी केबल, बाजारात स्प्लिटर म्हणतात ती. ती मागताना काळजी घ्या, कारण स्प्लिटर या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि लटकवलेल्या असतात एकाच खिळ्याला. एकात एक पिन आणि दोन भोकं असतात, दोघांनी एकच गाणं ऐकण्यासाठी. भाच्याला पहिल्यांदा हीच मिळाली. दुसरीलाही एक पिन आणि दोन भोकं, पण पिनेवर तीन रेघा आणि भोकांवर हेडफोन व माइक अशी वेगवेगळी चित्रं असतात. ती कॉम्प्युटरचा दोन पिनांचा जुना हेडसेट फोनला जोडायला. आपल्याला लागते ती तिसरी: एक भोक आणि दोन पिना. भोकात इअरफोन जातो, दोन्ही पिनांवर प्रत्येकी दोनच रेघा असतात, एकीवर हेडफोनचं चित्र किंवा हिरवा रंग, दुसरीवर माइकचं चित्र किंवा गुलाबी. दुकानात चित्र दिसलं नाही तर पिना मोजा. दोन पिना आणि एक भोक, बाकी काही नको.

आत केबल अगदी साधी असते. पिनेचं टोक आणि पहिली कडी हिरव्या पिनेकडे जातात, बुंधा गुलाबीकडे, आणि दुसरी कडी, म्हणजे कॉमन, दोन्हींकडे. त्यामुळे जुना ओएमटीपी इअरफोन या केबललाही चालत नाही; दोन्हींची अदलाबदल करणारं छोटं कनेक्टर वेगळं मिळतं, पण इतक्या जुन्या इअरफोनसाठी ती खटपट मी तरी करणार नाही.

दोन्ही पिना आपापल्या भोकांत घातल्यावर विंडोज आणि आर या की एकत्र दाबून हे टाइप करा:

```
mmsys.cpl
```

जी खिडकी उघडते तिच्यात Recording ही पट्टी निवडा. रिकाम्या जागी राइट-क्लिक करून Show Disabled Devices आणि Show Disconnected Devices या दोन्हींवर टिक करा. भाच्याच्या लॅपटॉपवर पिन घालण्याआधी बाहेरच्या माइकवर Not plugged in असं दिसत होतं. गुलाबी पिन आत गेल्यावर तिथे हिरवी टिक आली. त्यावर राइट-क्लिक करून Set as Default Device आणि Set as Default Communication Device, दोन्ही केलं. नखाने खरवडलं, पट्टी हलली, पण अर्ध्यापर्यंतसुद्धा नाही.

फोनचा माइक कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात थोडा हळू येतो, हे नेहमीचं. त्याच खिडकीत माइकवर डबल-क्लिक करून Levels मध्ये गेलो. Microphone Boost शून्यावर होता, तो १०-१० डेसिबलच्या टप्प्यांनी वाढतो. १० वर बोलणं कळत होतं, २० वर अगदी स्वच्छ. ३० वर मागे सळसळ सुरू झाली आणि खाली रस्त्यावरचे हॉर्नही आत यायला लागले, म्हणून २० वर ठेवला. Boost चा पर्याय सगळ्याच लॅपटॉपवर दिसत नाही. तो नसेल तर वरची पट्टी पूर्ण शंभरावर नेण्याशिवाय फारसं काही हातात नसतं.

कॉम्बो जॅक असूनही माइक नाही

आता अवघड प्रकार. लॅपटॉप नवा, भोक चार पत्त्यांचं, इअरफोन नेहमीच्या रचनेचा, तरी माइक गप्प.

पिन आत जाते तेव्हा भोकातलं एक स्विच दबतं आणि ध्वनीची चिप जागी होते. पुष्कळ विंडोज लॅपटॉपमध्ये ती रिअलटेकची असते. आलेली वस्तू नुसता हेडफोन आहे की माइकवाला इअरफोन, हे चिपला त्या क्षणी ठरवायचं असतं. दुसरी कडी आणि बुंधा एकमेकांना सरळ जोडलेले दिसले तर नुसता हेडफोन, मध्ये माइकसारखा अडथळा दिसला तर हेडसेट. पिन अर्धवट गेली, हळूहळू सरकवत घातली किंवा घालताना बोट मधल्या बटणावर दाबलेलं राहिलं, तर अंदाज चुकतो आणि पिन बाहेर काढेपर्यंत चुकलेलाच राहू शकतो. म्हणून सगळ्यात आधी हे करा: पिन पूर्ण काढा, दोन-तीन सेकंद थांबा आणि एका दमात शेवटपर्यंत दाबून घाला.

पिन शेवटपर्यंत जात नसेल, बाहेर धातूची बारीक कडा उरत असेल, तर टॉर्चने भोकात बघा. लोकलच्या गर्दीतून रोज नेलेल्या बॅगेत सुताचा भुगा साठतो आणि पिनेने दाबून दाबून त्याची तळाशी चकती होते. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने तो हळूच खरवडून काढा, धातूची सुई नको, पत्त्या वाकतात. पावसाळ्यात पिनेवर काळपट थर येतो, तो कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्या. इअरफोनला कडक कव्हर किंवा जाड रबरी बुंधा असेल तर तोही लॅपटॉपच्या कडेला अडतो. एखादा मिलिमीटर कमी पडला तरी भाग आणि पत्त्या यांची गाठ चुकते.

हे सगळं ठीक असेल तर ड्रायव्हरकडे या. स्टार्टवर राइट-क्लिक करून Device Manager उघडा आणि Sound, video and game controllers खाली काय आहे ते वाचा. तिथे नुसतं High Definition Audio Device दिसत असेल, तर विंडोजने आपला सर्वसाधारण ड्रायव्हर लावलेला आहे. विंडोज नव्याने टाकलेल्या आणि वापरलेल्या लॅपटॉपवर हे बरेचदा सापडतं. या ड्रायव्हरने आवाज येतो, पण त्या मॉडेलमध्ये भोकाच्या पत्त्या चिपला कशा जोडल्यात हे त्याला नेमकं माहीत नसतं, आणि माइकची ओळख बऱ्याचदा तिथेच हुकते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपल्या अचूक मॉडेलच्या पानावरून ऑडिओ ड्रायव्हर घ्या. कुठल्यातरी ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ छाप प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नका.

कंपनीचा ड्रायव्हर टाकल्यावर बऱ्याच लॅपटॉपवर पिन घालताच एक छोटी खिडकी येते आणि तुम्ही काय लावलं ते विचारते. तिथे हेडसेट निवडायचं. घाईत हेडफोन निवडून ‘पुन्हा विचारू नको’ वर टिक केलेली असेल, तर त्यानंतर माइक कधीच दिसत नाही, आणि हे कारण मी खूपदा पाहिलंय. स्टार्टमध्ये Realtek Audio Console किंवा लॅपटॉप कंपनीचं ध्वनीचं अ‍ॅप शोधा. जॅकच्या सेटिंगमध्ये ती खिडकी पुन्हा चालू करता येते किंवा जॅकचा प्रकार हाताने बदलता येतो.

माइक यादीत आला, पट्टीही हलते, पण मीटिंगमध्ये आवाज जात नाही, असं झालं तर प्रश्न परवानगीचा आहे. Settings मध्ये Privacy & security खाली Microphone उघडा आणि Let desktop apps access your microphone चालू आहे ना ते बघा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. आधी चिप कोणती ते पाहा:

```
cat /proc/asound/card*/codec* | grep Codec
```

चिप रिअलटेकची असेल आणि भोक खरंच कॉम्बो असेल, तर `/etc/modprobe.d/` मध्ये एक नवी `.conf` फाइल करून ही ओळ टाका आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा:

```
options snd-hda-intel model=dell-headset-multi
```

नावात डेल असलं तरी इतर कंपन्यांच्या काही लॅपटॉपवरही ही ओळ चालते. फरक पडला नाही किंवा स्पीकर बंद पडले तर फाइल काढून टाका.

भोकाला वाटच नसेल तर

एकच भोक आणि तेही नुसत्या हेडफोनचं असेल, किंवा कॉम्बोची माइकची पत्तीच तुटलेली असेल, तर ते भोक सोडून द्या आणि यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. पेन ड्राइव्हएवढी वस्तू, तिच्यात स्वतःची ध्वनीची चिप असते, म्हणून लॅपटॉपचं भोक आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही बाजूला पडतात. घेताना तिच्यावरची भोकं बघा. हिरवं आणि गुलाबी अशी दोन असतील तर वर सांगितलेली वाय केबल इथेही लागेल. चार पत्त्यांचं एकच भोक असेल तर फोनचा इअरफोन सरळ जातो. विकणारा ‘सगळं चालतं’ म्हणाला तरी दुकानातच फोनच्या इअरफोनने नखाची परीक्षा करून घ्या.

टाइप-सी ते ३.५ मिलिमीटरचं छोटं अ‍ॅडॉप्टर घरात पडलेलं असेल, तर आधी ते लावून पाहा, पण त्यातही दोन जाती आहेत. एकात चिप असते. ते लॅपटॉपवर यूएसबी ऑडिओ म्हणून उमटतं आणि माइकही देतं. दुसऱ्यात नुसत्या वायरी असतात आणि आवाज फोन स्वतःच तयार करून टाइप-सीच्या भोकातून बाहेर काढतो. असं अ‍ॅडॉप्टर ठरावीक फोनवरच चालतं, लॅपटॉपवर ते लावल्याचं कळतही नाही. ओळख सोपी आहे: अ‍ॅडॉप्टर लावल्यावर Device Manager मध्ये Sound, video and game controllers खाली नवं नाव उमटलं तर चिपवालं. काहीच झालं नाही तर ते फोनलाच ठेवा.

यूएसबी कार्ड किंवा अ‍ॅडॉप्टर लावल्यावर झूम, मीट किंवा टीम्समध्ये जाऊन त्यांच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्येही नवा माइक निवडा. ही अ‍ॅप्स आधीचा माइक लक्षात ठेवतात. विंडोजमध्ये नवा डिफॉल्ट केलात तरी ती लॅपटॉपच्या जुन्या माइकवरच राहू शकतात. आणि कार्ड दरवेळी त्याच यूएसबी भोकात लावा, कारण भोक बदललं की काही लॅपटॉपवर ते नवीन उपकरण म्हणून उमटतं आणि निवड पुन्हा करावी लागते.